निकालपत्र शेवटून वाचताना

एलएलएमच्या पहिल्या वर्षी प्रशासकीय कायद्याच्या सरांनी मला केस कॉमेंट, म्हणजे एका निकालाची चिकित्सा, लिहायला दिली. निकाल होता ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन. विषय सोपा मिळाला म्हणून मी मनातल्या मनात खूश होते. मुंबईचे फुटपाथवासी, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ आणि ‘जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो’ हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य. निकालाबद्दल न वाचताही बोलता येईल इतका तो ओळखीचा होता. तीन दिवसांत मी अकरा पानं लिहिली आणि सरांच्या टेबलावर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी पानं परत आली. पहिल्या पानावर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता : ‘याचिकाकर्ते जिंकले की हरले?’

मला चटकन उत्तर देता आलं नाही. अकरा पानांत मी निकालाचं इतकं कौतुक केलं होतं की ते जिंकले असणार असंच मी धरून चालले होते. शेवटचे परिच्छेद मी वाचले होते, पण सिनेमा संपल्यावर पडद्यावरून सरकणारी नावं आपण बघतो, तसे. सर म्हणाले, “अगं, निकालपत्र शेवटून वाचायचं. आधी आदेश बघ. मग या आदेशापर्यंत कोर्ट कसं पोचलं ते बघ. वाटेत पायरी निसटलेली दिसली, तर तिथे तुझी कॉमेंट आहे.”

आता मी स्वतः शिकवते आणि विद्यार्थ्यांना पहिली कॉमेंट बहुधा याच निकालावर लिहायला देते. त्याचं कारण सांगायचं तर आधी निकाल सांगायला हवा.

13 जुलै 1981 रोजी, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवलं जाईल. झोपड्या पाडायला सुरुवात झाली. प्रकरण आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. पालिकेचा आधार होता 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम 314. रस्त्यावर किंवा फुटपाथवर उभारलेलं बांधकाम आयुक्तांना नोटीस न देता हटवता येईल, असं ते कलम सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. तो सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.

एवढ्या तथ्यांवर कॉमेंट सुरू करता येते. पण पहिल्या खर्ड्यात मी तथ्यांना साडेतीन पानं दिली होती आणि त्यांत सेलमहून आलेल्या मजुराची सगळी कहाणी होती. तो 1961 मध्ये दुष्काळामुळे मुंबईला आला, दहिसरच्या एका केमिकल कंपनीत दिवसाला 23 रुपयांवर लागला, फुटपाथवर प्लॅस्टिकच्या आडोशासाठी त्याने गुंडाला अडीच हजार रुपये मोजले, बायको आणि तीन मुलींसह तिथे राहिला. संगमनेरहून आलेल्या दुसऱ्या याचिकाकर्त्याचीही गोष्ट होती. त्याने तुळशीवाडीत जागेसाठी 300 रुपये दिले होते आणि बांबू-प्लॅस्टिकला 700. हे वाचून पोटात कालवतं, म्हणून मी सगळं उतरवून काढलं. सरांनी त्यावर काट मारली नाही, फक्त समासात विचारलं : ‘यातलं कोणतं तथ्य गेलं तर निकाल बदलेल?’

हा प्रश्न मी अजूनही वापरते. गुंडाला दिलेली रक्कम वगळली तर आदेश तोच राहतो. पण तो माणूस कामाच्या जवळ राहायला म्हणून त्या फुटपाथवर आला होता हे वगळलं, तर उपजीविकेचा सगळा युक्तिवाद कोसळतो. झोपडी हटवली की काम जातं, हीच ती साखळी आहे. म्हणून ते तथ्य ठेवायचं. पाडकाम पावसाळ्यात सुरू झालं हेही ठेवायचं, कारण आदेशात पावसाळ्याचा हिशोब आहे. मुलींची वयं गाळायची. गाळताना जिवावर येतं, पण कॉमेंट म्हणजे बातमी नव्हे.

तथ्यांमध्ये माझी दुसरी चूक जास्त गंभीर होती. मी लिहिलं होतं : ‘फुटपाथवासीयांना जबरदस्तीने एसटी बसमध्ये कोंबून मुंबईबाहेर पाठवण्यात आलं.’ हे याचिकेतलं म्हणणं होतं. सरकारच्या प्रतिज्ञापत्रात सांगितलं होतं की कुणालाही हद्दपार केलेलं नाही. ज्यांनी गावी जायची इच्छा लेखी कळवली त्यांना प्रवासाची सोय आणि भाडं दिलं. मी एका बाजूचं म्हणणं कोर्टाचा निष्कर्ष म्हणून लिहून टाकलं होतं. निकालपत्रात याचिकेचा सारांश, प्रतिज्ञापत्राचा सारांश, वकिलांचे युक्तिवाद आणि कोर्टाचं स्वतःचं मत हे सगळं एकाच आवाजात, एकापाठोपाठ येतं. भराभर वाचणाऱ्याला सगळंच कोर्ट बोलतंय असं वाटतं. तेव्हापासून मी छापील प्रतीच्या डाव्या समासात प्रत्येक परिच्छेदापाशी एक अक्षर लिहिते : ‘या’ म्हणजे याचिकाकर्ते, ‘प्र’ म्हणजे प्रतिवादी, ‘को’ म्हणजे कोर्ट. कॉमेंटमध्ये ‘कोर्टाने म्हटलं’ हे शब्द फक्त ‘को’च्या परिच्छेदांसाठी वापरायचे. विद्यार्थ्यांच्या दहा कॉमेंट तपासल्या तर चारपाचांत हीच चूक सापडते, आणि एकदा सापडली की पुढच्या विश्लेषणावरचा माझा विश्वास कमी होतो.

आता आदेशाकडे वळते.

शेवटच्या परिच्छेदांत कोर्ट म्हणतं की फुटपाथवरची अतिक्रमणं काढायचा आयुक्तांचा निर्णय योग्य होता. म्हणजे याचिकाकर्ते हरले. त्यासोबत काही दिलासे आहेत. 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, झोपड्यांना हात लावायचा नाही. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद होऊन ओळखपत्रं मिळाली होती, त्यांना मालवणीला किंवा दुसरीकडे पर्यायी जागा द्यायची. मात्र ती दिल्याशिवाय हटवता येणार नाही, अशी अट नाही. वीस वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्त्यांची जमीन सार्वजनिक कामासाठी लागत नसेल तर त्या हटवायच्या नाहीत. बस्स, एवढंच. उपजीविकेच्या हक्काचं भव्य विवेचन आणि हा आदेश शेजारी ठेवले की पहिला प्रश्न आपोआप सुचतो : एवढा मोठा हक्क मान्य केला आणि माणसं हटलीच, तर त्या हक्काने केलं काय?

इथे निकालाचा गाभा शोधावा लागतो. वकिलीच्या बोलीत त्याला रेशो म्हणतात. जे बोलणं निकालासाठी गरजेचं नव्हतं ते ऑबिटर. पहिल्या वर्षाच्या मुलांना रेशो म्हणजे निकालातलं सर्वांत प्रसिद्ध वाक्य वाटतं. त्याची परीक्षा वेगळी आहे : ते वाक्य काढून टाकलं तर निष्कर्षाची इमारत उभी राहते का? याचिकाकर्ते हरलेच असतील, तर उपजीविकेचं विवेचन ऑबिटर आहे असं कुणी म्हणू शकेल. मी काही दिवस तेच म्हणत होते आणि आपण फार हुशारीचं काहीतरी पकडलंय असं वाटत होतं.

तो भ्रम मोडायला 1863 चा एक इंग्रज निकाल कारण ठरला : कूपर विरुद्ध वाँड्सवर्थ बोर्ड ऑफ वर्क्स. लंडनमध्ये घर बांधण्याआधी स्थानिक बोर्डाला सात दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागे, आणि ती दिली नाही तर बोर्डाला घर पाडता येई. कूपरचं घर वर चढत होतं. बोर्डाने त्याला न विचारता ते पाडलं. पाडण्याआधी मालकाचं म्हणणं ऐकून घ्यावं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरी न्यायाधीशांनी ठरवलं की कायदेमंडळाने जे लिहायचं सोडलंय ते कॉमन लॉचा, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याचा, न्याय भरून काढेल, आणि कूपरला भरपाई मिळाली. नैसर्गिक न्यायाच्या प्रत्येक पुस्तकात हा निकाल सापडतो.

मी दोन्ही निकाल शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला. कूपरच्या प्रकरणात कायदा गप्प होता, म्हणून न्यायालय रिकामी जागा भरू शकलं. कलम 314 गप्प नाही. ‘नोटीस न देता’ असं ते तोंडाने बोलतं. जिथे कायदेमंडळ स्पष्ट बोललंय तिथे कॉमन लॉ त्याला दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी कायद्याच्या वरचं काहीतरी हवं. ते काम राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 ने, म्हणजे जगण्याच्या हक्काने, केलं. फुटपाथवरून हटवणं म्हणजे उपजीविका हिरावणं, उपजीविका हा जगण्याचा भाग, म्हणून ती हिरावण्याची कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे, आणि म्हणून कलम 314 असं वाचायचं की ते आयुक्तांना ‘नोटीस देऊन किंवा न देता’ असा स्वेच्छाधिकार देतं. सर्वसाधारण नियम नोटीस देण्याचा. नोटीस टाळणं हा अपवाद, तोही जिथे क्षणाचाही उशीर चालणार नाही तिथे. उपजीविकेची पायरी काढली की कलमाचं हे वाचन लटपटतं. माझ्या मते ते वाक्य गाभ्यातच येतं. मात्र त्याने मिळालं काय, तर सुनावणीचा हक्क. घराचा हक्क त्याने दिला नाही. वर्तमानपत्रांत आणि भाषणांत या निकालाचा जो मोठा अर्थ सांगितला जातो आणि गाभ्यातून प्रत्यक्षात जेवढं निघतं, त्यात बरंच अंतर आहे. कॉमेंट लिहिणाऱ्याने ते मोजून सांगायला हवं.

आता निसटलेली पायरी.

पालिकेच्या वतीने युक्तिवाद झाला होता की हे अतिक्रमण करणारे लोक आहेत, हे तेही नाकारत नाहीत. मग त्यांना ऐकून करायचं काय? कोर्टाने तो फेटाळला आणि माझ्या मते निकालपत्रातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. कोर्ट म्हणतं की सुनावणीला दोन अंगं आहेत. एक उपयोगाचं : ऐकून घेतल्यावर निर्णय जास्त बरोबर येतो. दुसरं तिचं स्वतःचं मोल : ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतोय त्याला त्या निर्णयात बोलायला मिळतं, निकाल काहीही लागो. अगदी घुसखोरालाही बळाने हटवण्याआधी निघून जायची वाजवी संधी द्यावी लागते, हे नुकसानभरपाईच्या कायद्यातलं जुनं तत्त्वही कोर्टाने आठवून दिलं. 1980 च्या एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन या निकालाचा आधार घेतला. नवी दिल्लीची नगर समिती न ऐकता बरखास्त केल्याचं ते प्रकरण. त्यात ठरलं होतं की सुनावणी न देणं हेच मुळात नुकसान आहे, वेगळं नुकसान सिद्ध करावं लागत नाही.

हे सगळं मान्य केल्यावर पुढची स्वाभाविक पायरी कोणती? आयुक्तांनी ऐकलं नाही, म्हणून प्रकरण त्यांच्याकडे परत पाठवायचं. कोर्ट स्वतः सांगतं की एरवी आम्ही तसंच केलं असतं. पण, ते पुढे म्हणतं, आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्ही इथे भरपूर दिली आहे, दोन्ही बाजूंनी तथ्यांवर आणि कायद्यावर सविस्तर बाजू मांडली आहे, आणि ते ऐकून आमचं मत झालंय की अतिक्रमण काढण्याचा निर्णय बरोबर होता.

‘एरवी’ आणि ‘पण’ हे शब्द दिसले की पेन्सिल तिथे थांबवायची. न्यायाधीश अनेकदा इतके प्रामाणिक असतात की आपण कुठे वाट बदलली ते स्वतःच सांगतात.

पहिल्या खर्ड्यात या जागेवर माझ्याकडे एक ओळ होती : ‘न्यायालयाचा हा निष्कर्ष पटण्यासारखा नाही.’ सरांनी तिच्यापुढे लिहिलं, ‘कुणाला?’ ती टीका नव्हती, नाराजी होती. नाराजीची टीका व्हायची तर निकष सांगावा लागतो. तो बाहेरचा असू शकतो : दुसरा निकाल, दुसरा देश, सामाजिक परिणाम. किंवा आतला : याच निकालपत्राने मान्य केलेलं तत्त्व. आतला निकष जास्त टणक, कारण त्याला कोर्ट ‘आम्हाला ते मान्य नाही’ असं उत्तर देऊ शकत नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर तो परिच्छेद साधारण असा झाला :

‘सुनावणीचं मोल निकालावर अवलंबून नाही, ते बोलणाऱ्याच्या सहभागात आहे, असं न्यायालय मानतं. ते मानलं तर दिल्लीत घटनापीठासमोर ज्येष्ठ वकिलांनी केलेला युक्तिवाद ही त्या सहभागाची जागा घेऊ शकत नाही. न्यायालयापुढचा प्रश्न होता मुंबईचे फुटपाथ मोकळे असावेत का. आयुक्तांपुढचा प्रश्न असता या फुटपाथवरची ही झोपडी आज, अशा रीतीने हटवावी का. पहिल्याचं उत्तर दिल्याने दुसऱ्याचं मिळत नाही. झोपडी किती जुनी, रुंद फुटपाथच्या कडेला आहे की भर रहदारीत, राहणाऱ्याकडे 1976 चं ओळखपत्र आहे का, हे प्रत्येकाचं वेगळं. आणि जे न्यायालयात आलेच नव्हते, त्यांचं कुणी ऐकलं?’

हा परिच्छेद लिहून झाल्यावर मला वाटलं, झालं काम. सर म्हणाले, “आता तू पालिकेची वकील हो.”

केस कॉमेंटमधली ही पायरी बहुतेक जण गाळतात. मी दोन दिवस पालिकेच्या बाजूने विचार केला आणि तीन गोष्टी हाताला लागल्या. पहिली, कपूर प्रकरणातच एक अपवाद आहे. कबूल किंवा निर्विवाद तथ्यांवर एकच निष्कर्ष निघत असेल तर न्यायालय रिट काढणार नाही. सुनावणी गरजेची नव्हती म्हणून नव्हे, तर निरुपयोगी आदेश न्यायालय देत नाही म्हणून. फुटपाथवर झोपडी आहे हे कबूलच होतं. दुसरी, सर्वोच्च न्यायालयाला दिलासा कसा द्यायचा हे ठरवण्याची मोकळीक असते; चार वर्षांनी प्रकरण पुन्हा आयुक्तांकडे पाठवून आणखी चार वर्षं लावण्यात कुणाचं भलं होतं? तिसरी मला सर्वांत जड गेली. ज्या आयुक्तांनी नोटीसही दिली नाही, ते कोर्टाच्या सांगण्यावरून ऐकायचं नाटक करतील आणि मग तोच आदेश देतील. त्या नाटकापेक्षा कोर्टाने घातलेली ऑक्टोबरची मुदत आणि ओळखपत्रवाल्यांसाठीचे निर्देश याचिकाकर्त्यांना जास्त उपयोगी नव्हते का?

तिन्हींना उत्तरं द्यावी लागली आणि ती देताना माझी टीका बदलली. पहिल्याचं उत्तर : कबूल होती ती झोपडी, हटवणं आजच, याच रीतीने गरजेचं आहे हे कबूल नव्हतं, आणि अपवादाला ‘एकच निष्कर्ष’ लागतो. दुसऱ्याचं उत्तर शोधताना 1986 चा इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स विरुद्ध एल. के. रत्न हा निकाल सापडला. शिस्तभंगाच्या प्रकरणात सीएला संस्थेच्या कौन्सिलपुढे म्हणणं मांडू न देता दोषी ठरवलं होतं. उच्च न्यायालयात अपील करता येतं, तिथे सगळं ऐकून घेतलं जाईलच, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. माणसाला खाली एक न्याय्य सुनावणी आणि वर एक अपील असं दोन्ही मिळायला हवं. खालची सुनावणी बुडवून वरची देणं म्हणजे त्याचा एक टप्पा काढून घेणं. ओल्गा टेलिसच्या पुढच्याच वर्षी सीएला हे तत्त्व मिळालं, फुटपाथवासीयांना नाही. हे वाक्य मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं आणि शेवटी ठेवलं. त्यात टोमणा आहे, पण तारखा खऱ्या आहेत.

तिसऱ्याला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं आणि आजही नाही. परत पाठवलेली सुनावणी अनेकदा खरोखरच नाटक असते. म्हणून टीकेची मागणीच मी लहान केली. आदेश रद्द करा असं म्हणण्याऐवजी मी लिहिलं की मुदत तशीच ठेवून, त्या मुदतीत आयुक्तांनी वस्तीवार नोटीस देऊन म्हणणं ऐकावं, असा निर्देश कोर्टाला देता आला असता. कोर्टाने स्वतः घातलेल्या 31 ऑक्टोबरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत ते बसलं असतं. टीका करताना न्यायालयाच्या हातात असलेली, त्याच्याच आदेशात बसणारी दुसरी वाट दाखवता आली, तर ती टीका वाचणाऱ्याला टाळता येत नाही.

एक मोह मात्र मला आवरावा लागला, तोही सांगते. कलम 314 चा अधिकार आयुक्तांचा आहे, मुख्यमंत्र्यांचा नाही. मग मुख्यमंत्र्यांच्या घोषणेवरून सुरू झालेलं पाडकाम म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावरून वापरलेला स्वेच्छाधिकार नव्हे का? याला मुंबईचाच पूर्वदाखला आहे, पोलीस आयुक्त विरुद्ध गोर्धनदास भानजी. अंधेरीच्या सिनेमागृहाची परवानगी पोलीस आयुक्तांनी सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकार ज्याला दिलाय त्याने स्वतः विचार करून तो वापरायला हवा. मुद्दा इतका चवदार होता की मी त्यावर दीड पान लिहिलं. पण ओल्गा टेलिसचं निकालपत्र या प्रश्नाभोवती फिरत नाही, आणि कोर्टाने ज्यावर निकाल बांधलाच नाही त्यावरून त्याला झोडपणं हा सोपा खेळ आहे. दीड पानाचं एका वाक्यात रूपांतर झालं : हा प्रश्न निकालपत्रात तपासला गेलेला नाही, आणि त्याचं उत्तर वेगळं निघू शकलं असतं. दुसरा मुद्दा घुसवला असता तर पहिल्याची धार गेली असती.

शेवटी निष्कर्ष. ‘समतोल निष्कर्ष’ म्हटलं की मुलं तागडी घेऊन बसतात. एक परिच्छेद निकालाच्या चांगल्या बाजूंचा, एक वाईट बाजूंचा आणि शेवटी ‘तथापि हा निकाल मैलाचा दगड आहे’. मैलाचा दगड शब्द दिसला की मी आता खाली लाल रेघ ओढते. तसला निष्कर्ष कुठल्याही निकालाला चालतो, म्हणजे तो या निकालाचा नसतो.

माझा स्वतःचा पहिला निष्कर्षही तसाच होता. सरांनी तो परत केला तेव्हा विचारलं, “उद्या तू पालिकेची वकील असशील तर या निकालातलं काय वापरशील? आणि झोपडीवाल्याची असशील तर काय?” या दोन प्रश्नांना मी खरी उत्तरं लिहिली आणि निष्कर्ष आपोआप झाला. झोपडीवाल्याची वकील कलमाचं वाचन वापरेल : कायद्यात ‘नोटीस न देता’ लिहिलं असलं तरी नियम नोटिशीचाच. पालिकेची वकील आदेश वापरेल : नोटीस दिली नसली तरी कोर्टात ऐकून घेतलं की प्रश्न मिटला. म्हणजे निकालाने एका हाताने हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने तो मोडल्यास काही होत नाही हेही दाखवलं. मी लिहिलं की कलमाचं वाचन टिकाऊ आहे आणि पुढच्या न्यायालयांनी ते धरून ठेवावं. आदेशातली ‘आम्ही ऐकलं’ ही पायरी या प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीपुरती मानावी, कारण ती निकालाच्या स्वतःच्या तत्त्वाशी जुळत नाही. यात समतोल असेल तर तो वजनाचा आहे. एक बाजू मला जड वाटली आणि किती जड, तेही मी सांगितलं.

कॉमेंट छापायला गेली नाही. वर्गात वाचली गेली आणि फाइलमध्ये राहिली. तरी ती फाइल मी पुढे दोनदा उघडली.

पहिल्यांदा, 1996 चा अहमदाबाद महापालिका विरुद्ध नवाब खान गुलाब खान हा निकाल वाचल्यावर. अहमदाबादच्या फुटपाथवरच्या त्या प्रकरणात कोर्टाने म्हटलं की अतिक्रमण ताजं असेल तर सुनावणीशिवाय काढता येईल, पण पालिकेने वर्षानुवर्षं चालू दिलं असेल तर दहा दिवस किंवा दोन आठवड्यांची नोटीस हवीच. म्हणजे कलमाचं वाचन टिकलं, फक्त त्याला वयाची अट लागली. ‘टिकाऊ’ शब्दापुढे मी ‘बऱ्याच अंशी’ असं जोडलं.

दुसऱ्यांदा, 13 नोव्हेंबर 2024 नंतर. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने बुलडोझरच्या कारवायांवर देशभरासाठी निर्देश दिले : पंधरा दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी, कारणं देणारा आदेश, त्यानंतरही काही अवधी. वर्गात मुलं उत्साहाने म्हणाली, “मॅम, आता ओल्गा टेलिसचं काम पूर्ण झालं.” मी त्यांना निर्देशांची प्रत दिली आणि आधी अपवाद शोधायला सांगितला. एका मुलीला तो पाच मिनिटांत सापडला. रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागी अनधिकृत बांधकाम असेल तर हे निर्देश लागू नाहीत.

वर्ग थोडा वेळ शांत झाला. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “म्हणजे फुटपाथवाल्यांसाठी अजून 1985 चाच निकाल?”

“हो,” मी म्हटलं, “आता त्याचा शेवटचा परिच्छेद उघडा.”